‘सेवा खंडित’ की ‘सेवा बंद’? बँकेच्या सूचनेतील शब्द

यावलकर : आमच्या सहकारी बँकेतून यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय आज सकाळी 10 वाजल्यापासून बंद आहे. ग्राहकांसाठी मी पुढील मसुदा केला आहे : ‘तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित झाली असून ती लवकरच पूर्ववत करण्यात येईल.’ येथे ‘खंडित’ योग्य आहे का?

तापीकाठ : व्याकरणदृष्ट्या योग्य आहे, पण आपल्याकडे खंडित म्हटले की भंगलेली मूर्ती आठवते. ‘बंद पडली’ लिहा आणि ‘अडकलेले पैसे 24 तासांत परत येतील’ हेही जोडा.

केळीबाग : रावेरकडे आमचा वीजपुरवठा असाच ‘खंडित’ होतो. लवकरच म्हणजे किती वाजता हे कळले, तर रात्री मोटार सुरू करायला मळ्यात थांबायचे की घरी जायचे, ते ठरवता येते.

जमाखर्च : प्रश्न विजेचा नसला, तरी केळीबाग यांनी नेमके दुखणे सांगितले आहे, ‘लवकरच’ काढून पुढची माहिती किती वाजता मिळेल, ते लिहावे. तापीकाठ यांचे 24 तास मात्र अर्धेच बरोबर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पोहोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी लागते. दुकानदाराला देताना अडकली, तर ही मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची असते. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यायची असते. ‘तांत्रिक कारणास्तव’ या शब्दांतून बिघाड कुणाकडे झाला हेच कळत नाही. मी असे लिहीन :

‘आज सकाळी 10 पासून आमच्या बँकेची यंत्रणा बंद पडल्यामुळे यूपीआयने पैसे पाठवता येत नाहीत. कारण अजून सापडलेले नाही. दुपारी 1 वाजता पुढील माहिती याच फलकावर लावू. तोपर्यंत शाखेतून रोख रक्कम काढता येईल. पैसे वजा झाले, पण समोरच्याला मिळाले नसतील, तर तीच रक्कम लगेच पुन्हा पाठवू नका. व्यक्तीला पाठवलेले पैसे उद्यापर्यंत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत येतील. न आल्यास व्यवहार क्रमांक घेऊन शाखेत या.’

यावलकर : ‘पुन्हा पाठवू नका’ हे माझ्या लक्षातच आले नव्हते. सकाळी कापसाच्या मजुरीचे पैसे पाठवणाऱ्या एका ग्राहकाने ‘प्रलंबित’ म्हणजे फसलेला व्यवहार असे समजून तीच रक्कम दुसऱ्या बँकेच्या खात्यातून पाठवली. पहिला व्यवहारही नंतर पूर्ण झाला तर मजुराला दोनदा पैसे जातील. म्हणून ‘प्रलंबित’ऐवजी ‘अजून पूर्ण झालेला नाही, कदाचित होईल’ असे सविस्तर लिहितो.

तापीकाठ : पाच दिवसांचे मान्य. पण खिडकीवर सगळे ‘पैसे कटले’ म्हणतात. मग सूचनेत ‘वजा’ कशाला?

जमाखर्च : पासबुकात ‘नावे’, बोलण्यात ‘कटले’. मला ‘वजा’ दोन्हींच्या मधला वाटतो, पण ‘कटले’ला माझा विरोध नाही.

यावलकर : व्यवस्थापकांना तो शब्द फलकावर नको आहे. तूर्त ‘वजा’ ठेवून 1 वाजताच्या सूचनेपूर्वी पुन्हा विचारतो.