मदत हवी आहे: पहिल्या रिलीजची रेघ कुठे मारू?

देवगडच्या 12 बागायतदारांच्या हापूस पेट्या थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाला विकायचं ॲप करतोय. आम्ही दोघेच, हातात 8 आठवडे. भिंतीवर स्टोरी मॅप लावलाय: वर गिऱ्हाइकाचे टप्पे ओळीने, पेटी बघणे, बुकिंग, पैसे, रवानगी, पोच; प्रत्येकाखाली त्यातल्या कामांच्या चिठ्ठ्या. आधी बुकिंगचा उभा रकाना पूर्ण केला, पण पुढचे कोरेच, म्हणजे एकही पेटी घरी पोचेना. म्हणून आता सगळ्या रकान्यांतून आडवी रेघ मारली, तिच्या वरचं तेवढंच पहिल्या रिलीजमध्ये: यूपीआयचे पैसे आम्ही हाताने तपासायचे, रवानगी फोनवर. लोक आगाऊ पैसे भरतात का, एवढंच तपासायचंय. पण फळ कधी तयार होईल ते हवेवर, तारीख आधी सांगता येत नाही. मग रेघेच्या वर काय ठेवू: तारीख निवडणं, की नुसता आठवडा आणि पेटी भरल्यावर मेसेज?