आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुम्ही काय बोललात?

पुढच्या महिन्यात आजीला ऐंशी पूर्ण होतायत. घरचाच कार्यक्रम आहे, पन्नासेक माणसं. बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. "आजी म्हणजे मायेचा सागर" असं लिहायला घेतलं आणि कागद चुरगाळला. ज्यांनी असं भाषण केलंय त्यांनी सांगा, काय बोललात? आजीला काय आवडलं?

धाकटा नातू, पुणे

आमची आजी नारायण पेठेतली. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुराची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण आधी एक दुपार तिच्याजवळ बसलो आणि नुसतं विचारलं, "पाणी ओसरल्यावर काय केलंस?" मग जे निघालं ते कुणीच ऐकलं नव्हतं. घरात गुडघाभर गाळ, खडकवासलाही फुटल्यामुळे नळ कोरडे. लांबच्या विहिरीवरून आणलेलं पाणी आधी प्यायला, उरलं तर भांड्यांना. आणि गाळात बुडालेली दोन लुगडी तिच्या आईने टाकून दिली नाहीत, चार-चार वेळा खळबळून त्यांची गोधडी शिवली.

ती गोधडी मी लहानपणी पांघरायचो! भाषणात एवढंच सांगितलं: आजी पोळ्या करताना उंड्यातली चिमूटभर कणीक मला द्यायची, मी चिमणी करायचो, ती तव्याच्या कडेला भाजायची. चिमणी खाऊन मी त्या गोधडीत झोपायचो, आणि तिच्यात पानशेतचं पाणी मुरलंय हे मला परवा कळलं. तेवढ्यात आजी खुर्चीतूनच ओरडली, "दोन नाही रे, तीन लुगडी! एक आत्याचं होतं." हॉल हसला, आणि पुढची पाच मिनिटं माईक तिच्याकडेच. माझा अर्धा कागद वाचायचा राहिला, तेच बरं झालं.

एक व्यवहाराची गोष्ट. तिला डाव्या कानाने नीट ऐकू येतं. मी स्टेजवर न जाता तिच्या डावीकडे उभा राहिलो. हॉलमध्ये आवाज घुमतो, कानातलं यंत्र सगळाच गोंगाट मोठा करतं. समोरच्या स्पीकरवर भरवसा ठेवला असता तर जिच्यासाठी बोललो तिलाच कळलं नसतं.

मोठी नात, नाशिक

ऐंशी पूर्ण म्हणजे हजार पौर्णिमा झाल्या, म्हणूनच सहस्रचंद्रदर्शन. भाषणाची सुरुवात त्यानेच करा, छान होते. मी तशीच केली होती.

भिक्षुकी करणाऱ्यांच्या घरातला

ताई, सुरुवात छान आहे, हिशोब थोडा कमी पडतो. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. हजारांना जवळजवळ ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. म्हणून पुष्कळ घरांत हा विधी एक्याऐंशीव्या वर्षात करतात. वाढदिवसालाच केला म्हणून काही बिघडत नाही, फक्त "आज हजारावी पौर्णिमा" असं माईकवर म्हणू नका. पंगतीत एखादे आजोबा बोटं मोजत बसलेले असतातच.

ठाणे

आम्ही आजीची गुळाने तुला केली होती. पारड्याचा दोर आधी तपासून घ्या आणि बसताना दोघांनी धरा. गूळ नंतर वाटायला पिशव्या लागतात, त्या कुणाच्याच लक्षात नसतात.

मूळ प्रश्न विचारणारी

तुला नाही हो, भाषण! पण पिशव्यांचं लिहून घेतलं.

नात, माण तालुका

माझा अनुभव जरा वेगळा. आजीने बहात्तरच्या दुष्काळात बांधाच्या कामावर खडी फोडली. कडेला माझा बाप सुकडी खात बसलेला असायचा. मला हे अभिमानाने सांगायचं होतं. आदल्या रात्री तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "माज्या हाताचं घट्टं पावण्यास्नी कशाला दावतीस?" मग तो भाग काढला. त्याऐवजी ती एसटी थांबवायला रस्त्याच्या मधोमध कशी उभी राहायची आणि कंडक्टरला "लेकरा" म्हणून कसं गप्प करायची, ते सांगितलं. खूप हसली.

माझी चुलत बहीण अजून म्हणते, खडीचं सांगायलाच हवं होतं, आमच्या पोरांना कधी कळणार? मला वाटतं, दिवस तिचा होता. पोरांना घरी सांगता येतं.

धाकटा नातू, पुणे

मी तर वाचून न दाखवताच बोललो. तिने मधेच टोकलं ते त्यामुळेच. पण पुराची गोष्ट ती स्वतःच चार लोकांत सांगते, खडीची सांगत नसेल तर विचारलेलंच बरं.

मूळ प्रश्न विचारणारी

उद्या दुपारी तिच्याकडे जातेय. शेवयाच्या पाटाचं विचारणार आहे. तो माळ्यावर का ठेवलाय आणि कुणाला हात का लावू देत नाही, हे आईलाही माहीत नाही.