मदत हवी आहे: बर्फ वितळतानाच्या एन्ट्रॉपीच्या गणितातले जादाचे ११ जूल प्रति केल्विन नेमके कुठे तयार होतात?

१०० ग्रॅम बर्फ ०° सेल्सिअसला आहे. तो वितळून ०° चंच पाणी झालं, एवढंच धरलंय. पाणी पुढे तापतं तो भाग सोडून दिलाय. सुप्त उष्मा ३३४ जूल प्रति ग्रॅम, म्हणजे एकूण ३३,४०० जूल लागले. ०° म्हणजे २७३ केल्विन, त्याने भागल्यावर बर्फाची एन्ट्रॉपी १२२.३ जूल प्रति केल्विनने वाढली.

आता खोली २७° ची, म्हणजे ३०० केल्विन. तिने तेवढेच जूल दिले, पण भागायचं ३०० ने, म्हणून तिची एन्ट्रॉपी १११.३ ने घटली. विश्वाची निव्वळ वाढ ११. खोली २७४ केल्विनची घेतली तर ही वाढ जेमतेम ०.४५ उरते, आणि बरोबर २७३ ला शून्य. (तेव्हा बर्फ वितळेल तरी कसा, हा प्रश्न मी गुपचूप गिळलाय. तापमान केसभर जास्त, वेळ अमर्याद, असं समजून घेतो.)

इथपर्यंत ठीक. पण गरम खोलीतलं वितळणं अपरिवर्तनीय आहे, मग बर्फासाठी Q/T, म्हणजे उष्णता भागिले तापमान, सरळ वापरलेलं कसं चालतं? एन्ट्रॉपी हे अवस्थेचं फलन आहे आणि बर्फाच्या सुरुवातीच्या-शेवटच्या अवस्था परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय दोन्ही वितळण्यांत त्याच, म्हणून चालतं का?

खरी अडचण पुढची. बर्फ २७३ लाच राहिला, खोली ३०० लाच. मग ते ११ तयार कुठे झाले? बर्फाला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरात, जिथे तापमान २७ अंशांनी उतरतं, तिथे? माझा अंदाज तोच आहे, पण तो थर हिशेबात कसा मांडायचा ते कुणी दाखवेल का?