ओळखपत्रांवर नवं नाव: आधी काय, नंतर काय? (सल्ला हवा)

नवीवही (१२ सप्टेंबर २०२४)
मी ट्रान्स स्त्री आहे, नोकरी करते. आधार, पॅन, बँक सगळीकडे जुनं नाव आहे. ते बदलून ‘मीरा’ करायचंय. वडिलांचं नाव आणि आडनाव तेच ठेवणार आहे. शस्त्रक्रिया झालेली नाही आणि एवढ्यात करायचा विचारही नाही. तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो आधी गॅझेट, दुसरा म्हणतो आधी आधार, तिसरा म्हणतो टीजी सर्टिफिकेट, म्हणजे ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र, काढलं की बाकी कशाची गरज नाही. क्रम नेमका कसा लावायचा?

उंबरठा
शस्त्रक्रिया झालेली नसेल तर आत्ता काहीच होणार नाही. हॉस्पिटलचं पत्र लागतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचं, मग सर्टिफिकेट मिळतं, मग नाव. कायद्यातच तसं आहे.

कागदमोड
उंबरठा, कायदा बरोबर आहे, कलम चुकलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. कलम ६ चं प्रमाणपत्र ‘ट्रान्सजेंडर व्यक्ती’ म्हणून मिळतं. २०२० च्या नियमांप्रमाणे ते फक्त प्रतिज्ञापत्रावर द्यायचं असतं, वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता. तुम्ही म्हणता ते हॉस्पिटलचं पत्र कलम ७ साठी लागतं, म्हणजे कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तेव्हा. आणि नाव बदलायचा हक्क दोन्ही प्रमाणपत्रांवर मिळतो. म्हणजे नवीवहीला नावासाठी शस्त्रक्रियेची वाट बघायचं कारण नाही. लिंगाच्या रकान्यात तूर्त ‘ट्रान्सजेंडर’ येईल, एवढं मात्र मान्य असायला हवं.

आता क्रम. मी असा लावेन: प्रतिज्ञापत्र, टीजी सर्टिफिकेट, गॅझेट, आधार, पॅन, मग बँक आणि बाकी सगळं. गॅझेट आधारच्या आधी ठेवण्याचं कारण अगदी साधं आहे. गॅझेटच्या अर्जाला जुन्या नावाचा ओळखपुरावा जोडावा लागतो. आधी आधार बदलून बसलात, मग पॅनही बदललंत, तर जुन्या नावाचा चालू पुरावा हातात उरत नाही आणि ‘जुनं नाव तुमचंच कशावरून’ हा प्रश्न उभा राहतो. काहीही बदलायच्या आधी जुन्या आधार-पॅनच्या रंगीत प्रती काढून ठेवा आणि त्या कायमच्या जपा.

शिक्का_गोल
कागदमोडशी थोडा मतभेद. टीजी सर्टिफिकेट हातात असेल तर गॅझेट कशाला? आधारच्या मान्य कागदपत्रांच्या यादीत २०१९ च्या कायद्याखालचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र आहेच. पॅनचंही गेल्याच महिन्यात झालं: हे प्रमाणपत्र पॅनच्या अर्जाला चालेल हे केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात मान्य केलं. मग फुकटचा खर्च आणि वेळ का घालवायचा?

कागदमोड
कायद्याने बघितलं तर तुमचं बरोबर आहे. मी गॅझेट सुचवतो ते दोन कारणांनी. एक, कलम ७ मध्ये शब्द आहे ‘पहिलं नाव’. नवीवहीचं पहिलंच नाव बदलतंय, म्हणून तिचं काम प्रमाणपत्रावर भागू शकेल. पण कुणाला आडनाव सोडायचं असेल किंवा वडिलांच्या जागी आईचं नाव लावायचं असेल, तर प्रमाणपत्र दाखवून टेबलावर वाद होतो. तिथे गॅझेट लागतंच असं समजा.

दुसरं कारण असं की जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी, सरकारी छापात दाखवणारा कागद म्हणजे गॅझेट. बँकेतल्या माणसाने टीजी सर्टिफिकेट कधी पाहिलेलं नसतं, गॅझेट शंभर वेळा पाहिलेलं असतं. वाईट आहे, पण तसंच आहे.

माहेरची_वाट
लग्नानंतर नाव बदलायला मॅरेज सर्टिफिकेट पुरलं होतं. एवढी भानगड कशाला? आणि आता तर आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय ना, मग सगळ्यांनाच कागद नवे करावे लागणार.

शिक्का_गोल
ताई, मॅरेज सर्टिफिकेट जुनं आडनाव आणि नवं आडनाव यांच्यातला पूल असतो. इथे तो पूल नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आईच्या नावाचा निर्णय १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. त्यासाठी मोठ्यांनी आपले कागद बदलायची गरज नाही.

नवीवही
ठीक, गॅझेट करतेच. टीजी सर्टिफिकेटचा अर्ज भरताना कुठे चुकतं?

कागदमोड
अर्ज `transgender.dosje.gov.in` वर भरायचा, तो तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. जिथे सलग बारा महिने राहताय तोच जिल्हा निवडा. नोकरीसाठी नुकत्याच दुसऱ्या जिल्ह्यात आला असाल आणि पत्त्याचा पुरावा गावाकडचा असेल, तर अर्ज तिथेच अडकतो.

खरी चूक स्पेलिंगमध्ये होते. समजा नोटरीकडच्या प्रतिज्ञापत्रात `Meera` लिहिलं, पोर्टलवर घाईत `Mira` टाइप केलं आणि गॅझेटला मराठीत ‘मिरा’ गेलं. वाचायला तिन्ही एकच. पण संगणकाच्या लेखी ती तीन माणसं आहेत, आणि पुढचं प्रत्येक ऑफिस तेवढ्यावरून अर्ज परत करतं. म्हणून पहिल्या दिवशी एका कागदावर पूर्ण नाव इंग्रजीत आणि देवनागरीत लिहा. वेलांटी, वडिलांच्या नावातला `a` एक की दोन, सगळं तिथेच ठरवा. पुढे प्रत्येक फॉर्म त्या कागदावरूनच उतरवायचा, आठवणीतून नाही.

आणखी एक. नियमांच्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र लिंगओळखीबद्दल असतं, जुनं नाव आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे सांगायला ते पुरेलच असं नाही. म्हणून नोटरीकडे गेल्यावर नावबदलाचं वेगळं प्रतिज्ञापत्रही करून घ्या: पूर्ण जुनं नाव, पूर्ण नवं नाव, ‘ही दोन्ही नावं माझीच आहेत’ हे वाक्य आणि तारीख. दोन मूळ प्रती करा, एक कुठेतरी जमा होतेच.

प्रमाणपत्र तीस दिवसांत द्यायचं असा नियम आहे. मध्येच कुणी वैद्यकीय कागद मागितला तर ती मागणी लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. नाही संपला तर पोर्टलवर तक्रारीची सोय आहे.

खिडकी_क्र_४
आधार केंद्रावरच्या कामाचा अनुभव आहे, म्हणून तेवढंच सांगतो. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पूर्वी कधी स्पेलिंग दुरुस्त केलं असेल तर एक संधी गेलेली आहे. वेबसाइटवर आधारचा अपडेट इतिहास दिसतो, आधी तो बघा. लिंगाची नोंद एकदाच बदलता येते. पुढे कलम ७ चं प्रमाणपत्र काढून ‘स्त्री’ नोंद करायचा विचार असेल, तर ती एक संधी आत्ता ‘ट्रान्सजेंडर’वर वापरायची का, हे घरून ठरवून या. मर्यादा ओलांडली की केंद्रावर काही होत नाही, प्रादेशिक कार्यालयाकडे जावं लागतं.

मूळ कागद आणा, झेरॉक्सवर काम होत नाही. ऑपरेटर नाव इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी नाव सॉफ्टवेअर आपोआप तयार करतं. `Meera` चं ‘मीर’ झालेलं पाहिलंय. समोरचा स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा, मराठी ओळ अक्षर अक्षर वाचा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मग पावतीवरही तीच ओळ परत वाचा. पावती न वाचता घरी गेलात आणि ‘मीर’ छापून आलं, तर ते सुधारायला दोनातली दुसरी संधी जाते.

नवीवही
हे कुणीच सांगितलं नव्हतं. लिंगाच्या नोंदीचं विचार करून ठरवते. पॅनला नवीन अर्ज करायचा का?

शिक्का_गोल
नाही! नवा पॅन अजिबात काढू नका. दोन पॅन असणं गुन्ह्यासारखंच धरतात, दहा हजारांपर्यंत दंड आहे. पॅन क्रमांक तोच राहतो, फक्त ‘बदल किंवा दुरुस्ती’चा फॉर्म भरायचा. कागदी फॉर्म भरत असाल तर प्रत्येक रकान्याच्या डाव्या बाजूला एक छोटा चौकोन असतो. जे बदलायचंय त्याच्यासमोर तिथे टिक करायची. नवं नाव नीट लिहिलं आणि टिक राहिली, तर तो बदल धरलाच जात नाही आणि जुन्याच नावाचं कार्ड घरी येतं. आधारवरून ऑनलाइन केलंत तर नाव आधारमधूनच उचललं जातं. म्हणूनच आधार आधी, पॅन नंतर, आणि आधारमध्ये नवं नाव दिसायला लागल्याशिवाय पॅनला हात लावू नका.

कागदमोड
मधल्या काळात, म्हणजे आधार नव्या नावाचं आणि पॅन जुन्या नावाचं असताना, नवं खातं उघडणं, कर्ज, पीएफ काढणं असलं काही अंगावर घेऊ नका. नावं जुळत नाहीत म्हणून अडतं. पीएफचं नाव काही वेळा कंपनीमार्फत बदलावं लागतं, तेव्हा एचआरला आत्ताच कळवून ठेवा.

दहावीब
माझा प्रश्न यातच विचारतो. ट्रान्स पुरुष आहे. आधार, पॅन झालं, पण दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनंच नाव आहे. शाळा म्हणते विद्यार्थी शाळेतून गेल्यावर नोंदवहीत बदल होत नाही.

कागदमोड
शाळा जो नियम सांगतेय तो माध्यमिक शाळा संहितेतला आहे, तो त्यांनी काढलेला नाही. पण २०२० च्या नियमांसोबत कागदपत्रांची जी यादी जोडली आहे, तिच्यात दहावी-बारावीची प्रमाणपत्रंही आहेत. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत बदल करायचा असंही त्यात आहे. शाळेला तोंडी विचारू नका. प्रमाणपत्र, गॅझेट आणि नियमाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार आला तर तोही लेखी मागा.

शिक्का_गोल
मी याबाबत एवढा आशावादी नाही. मंडळ शाळेकडे बोट दाखवतं, शाळा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. खूपदा लोक गॅझेट आणि मार्कशीट एकत्र पिन करूनच आयुष्यभर वापरतात. नोकरीच्या ठिकाणी बहुतेकदा चालतं, परदेशी विद्यापीठात कधी चालतं कधी नाही.

दहावीब
मला परदेशातच अर्ज करायचाय, म्हणून तर. लेखी नकार घेऊन पुढे कोर्ट का?

कागदमोड
नकार हातात आल्यावर वकिलाला दाखवा. त्याआधी कोर्टाचं बोलण्यात अर्थ नाही, कारण कोर्ट पहिलं तेच विचारेल: अर्ज केला होता का, आणि उत्तर काय आलं?

नवीवही
कागद केला. `Meera`, मीरा, दीर्घ वेलांटी. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरं निघालं, हे आजवर कधी बघितलंच नव्हतं. त्यातलं कुठलं धरू?

खिडकी_क्र_४
जन्मदाखल्यावर जे आहे ते.