गाणं पाठवणं म्हणजे पळवाट?

सायली_पुणे: बोलायची हिंमत नसली की लोक गाण्याच्या लिंका पाठवतात. आवडत असेल तर तोंडाने सांगा ना. समोरच्याला कोडी कशाला घालता?

माळ्यावरची_कॅसेट: हे वाचून राहवलं नाही. आमच्या वेळी साठ मिनिटांची कॅसेट असायची, एका बाजूला तीस. दुकानात यादी दिली की भरून मिळायची. एका बाजूला सहा गाणी नीट बसत. मी सातवं कोंबलं, जे तिला ऐकवायचंच होतं तेच, आणि शेवटच्या कडव्याआधी फीत संपली! पुसलं जाऊ नये म्हणून वरच्या दोन्ही खिट्ट्या तोडून कॅसेट दिली. तीन आठवड्यांनी परत आली. दुसऱ्या बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली, आणि त्या बाजूला तिने निवडलेली गाणी. ही पळवाट?

ताल_मात्रा: त्या दुकानांनी संगीतकारांचा एक पैसा त्यांना दिला नाही. त्या चोरीचं कौतुक कसलं करता?

माळ्यावरची_कॅसेट: विषय काय, तुम्ही बोलताय काय! गावात मूळ कॅसेट मिळत नव्हती.

ताल_मात्रा: मिळत नव्हती म्हणून चोरी माफ? माझे वडील वाद्यवृंदात वाजवायचे. मला सांगू नका.

माळ्यावरची_कॅसेट: बरं, वडिलांचं खरं असेल. पण ती कॅसेट मी फेकणार नाही.

सायली_पुणे: काका, तुमचं जमलं म्हणून गोड वाटतं. ऑफिसातला एकजण मला चार महिने गाणी पाठवत होता. मला वाटलं, गाण्याचा वेडा आहे. मी "मस्त" म्हणायचे. मग एक दिवस म्हणाला, "एवढी गाणी ऐकलीस, आता नाही कसं म्हणतेस?" ऐकणं म्हणजे होकार, हे कुणी ठरवलं?

रात्रपाळी: आमचं स्पॉटिफायचं ब्लेंड ९१ टक्के जुळलंय. ती बोलत नाही, पण कळतंच ना?

मीरा_बडोदा: ते ॲपने तुम्ही दोघं काय ऐकता त्यावरून काढलंय, तिने काही निवडलेलं नाही. दोघांची मिळून प्लेलिस्ट केलीत तर कुठलं गाणं कुणी टाकलं ते दिसतं, तिथे बघा. तुम्ही दहा टाकलीत आणि तिचं एकही नसेल, तर उत्तर मिळालं. तिने तुम्हाला पाठवलेली लिंक ग्रुपवरही पडली असेल तर ती खास तुमच्यासाठी नव्हती. आणि सायली, त्याची चूक गाणी पाठवण्यात नव्हती. दोनदा नुसता अंगठा आला की थांबायचं असतं. कॅसेटवाल्या काकांना गाणी परत आली, तुझ्या ऑफिसातल्याला एक तरी आलं होतं का?

सायली_पुणे: नाही, मी एकही पाठवलं नव्हतं. तेवढं मान्य. पण थांबायचं कधी हे त्याला मी का शिकवायचं?

रात्रपाळी: प्लेलिस्ट उघडली. सतरा गाणी, सगळी माझी.