आरओच्या पाण्याचं पोस्टर: कच्चं चित्र टाकलंय, चुका काढा

बी-३०२: आमच्याकडे आरओच्या वाया जाणाऱ्या नळीखाली बादली लावतो, ते पाणी फरशीला आणि फ्लशला जातं. तेच सहा चित्रांत बसवलंय. प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ लावायचा विचार आहे. बघून सांगा.

ए-१०४: ताई, झूम केलं की सगळं फाटतंय.

बी-३०२: फोटो म्हणून गेलं ना, ग्रुपवर दाबलं जातं. थांबा, डॉक्युमेंट म्हणून टाकते.

सी-२०१: आता दिसलं. पण चौथ्या चित्रात झाडाला पाणी घालायचंय का? मी तर तसंच समजलो.

बी-३०२: अहो काका, नाही! त्यावर फुली आहे की.

सी-२०१: पोरी, ती फुली मला कुंडीचा स्टँड वाटली.

ए-१०४: 😂 काकांचं बरोबर आहे. फुली बारीक आहे आणि पानांच्याच रंगाची. शिवाय पाच चित्रांत "हे करा" आणि मध्येच एकात "हे करू नका". बाण चालू राहतो, तसं डोकंही चालू राहतं. नकाराचं चित्र रांगेतून काढ आणि खाली वेगळ्या जाड चौकटीत टाक.

सी-४०३: पण झाडांना का नको? आम्ही घालतो.

बी-३०२: काकू, आरओ पाण्यातले क्षार मागे ठेवतं आणि ते सगळे या पाण्यात येतात. एकदा-दोनदा घातलं तर काही होत नाही. रोज घातलं की कुंडीत साठत जातात.

सी-४०३: म्हणजे माझ्या कुंडीत मातीवर पांढरा थर येतो तो हाच? पानांची टोकंही करपलीत. मी ऊन लागलं म्हणत होते.

बी-३०२: बहुतेक तोच. आता साधं पाणी भरपूर घाला, खालून निथळू द्या.

ए-१०४: मूळ घोळ वेगळाच आहे. पिण्याचं पाणी आणि बादलीतलं पाणी, दोन्हीला तोच निळा थेंब. माझ्या भाच्याला दाखवलं, वय सहा, वाचता येत नाही. "समजलं का" असं विचारलं नाही, त्याला सगळे "हो" म्हणतात. "काय करायचं ते तू सांग" म्हटलं. तो म्हणाला, बादलीतलं पाणी प्यायचं.

बी-३०२: अरे देवा. मग बादलीतला थेंब करडा करते?

ए-१०४: आपला प्रिंटर काळा-पांढरा आहे, निळाही करडाच येणार. रंगावर जाऊ नको. पिण्याचा थेंब कोरा ठेव, बादलीतल्या थेंबात ठिपके दे. ठिपके म्हणजे क्षार. आणि तो ठिपक्यांचा थेंब फरशी, फ्लश, सगळीकडे तसाच यायला हवा. एके ठिकाणी जरी विसरलीस तरी पुन्हा गोंधळ.

सी-२०१: माझी तक्रार राहिलीच. मी गेल्या आठवड्यात बादली लावली आणि फिरायला गेलो. आलो तर स्वयंपाकघरात तळं.

बी-३०२: काका, तुमची टाकी केवढी आणि बादली केवढी?

सी-२०१: टाकी ८ लिटरची, पूर्ण रिकामी होती. बादली २० लिटरची.

बी-३०२: आमच्याकडे बाटलीने मोजलं तर १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ लिटर बाहेर पडतं. तुमचंही तसंच धरलं तर ८ लिटरला २४ झाले. २० च्या बादलीत कसे मावणार? टाकी अर्धी झाली की लावा. ४ लिटर भरायचे, म्हणजे १२ येतील.

सी-२०१: मग हेच लिही की पोस्टरवर.

बी-३०२: आकडा नको. मशीन आणि पाण्याप्रमाणे तो बदलतो, माझा आकडा काकूंकडे चुकेल. पहिलं चित्रच बदलते: अर्धी भरलेली टाकी आणि शेजारी रिकामी बादली. शब्द एकच, "अर्धी".

सी-४०३: नळी बादलीत पार तळापर्यंत सोडायची का? चित्रात तसंच दिसतंय.

बी-३०२: नाही काकू, चित्र चुकलंय. टोक पाण्यात बुडायला नको, काठाला चिमट्याने अडकवायचं. पाणी वरून पडताना दिसेल असं काढते.

ए-१०४: फ्लशच्या चित्रात टाकीवर बाण आहे. लोक टाकीत ओततील, आणि क्षार आतल्या व्हॉल्व्हवर बसतील. बाण थेट भांड्यात ने.

बी-३०२: बरं. म्हणजे टाकी-बादली, नळी, फरशी, फ्लश. चारच चित्रं उरली. खाली जाड चौकटीत कुंडी आणि प्यायचा ग्लास, दोन्हींवर जाड फुली.

सी-२०१: अक्षरं मोठी कर. लिफ्टची वाट बघताना मी चष्मा खिशात ठेवतो.

बी-३०२: सगळे मिळून पाच शब्द आहेत काका, हवे तेवढे मोठे करते. ए-१०४, भाचा रविवारी आहे ना? त्याला नवीन दाखवू, मगच प्रिंट काढू.

ए-१०४: आहे. पण जुनं पाहिलंय त्याने, आता तो पाठ केलेलं सांगेल. काकू, तुमच्या नातीला पाठवता का?