भेटल्यावर 'सुटलीस गं' म्हणायचं नाही, मग बोलायचं तरी काय?

खडीसाखर
परवा इथेच कुणीतरी ज्ञान पाजळलं की भेटल्याबरोबर वजन, वय, आजार यातलं काहीही काढू नये. वाचून डोकं फिरलं. रविवारी आमच्याकडे साखरपुडा आहे. मामेबहीण बऱ्याच महिन्यांनी भेटणार. तिला ल्युपस निघालाय, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार; स्टेरॉइड चालू आहेत, चेहरा गोल गरगरीत झालाय आणि केस विरळ झालेत म्हणे. आमच्यात 'काय गं, चांगलीच सुटलीस' हे मायेनंच म्हणतात. आता तोंडाला कुलूप लावून ऊन-पावसावर बोलायचं का?

निवडुंग
कुलूप नको, पहिलं वाक्य ठरवून ठेवा. घोळ होतो तो दारातच. नजर कपाळापासून पोटापर्यंत फिरून येते आणि तोंड तिच्या मागोमाग जातं. म्हणून ती लांब असतानाच नावानं हाक मारा. हाक मारली की 'अगंबाई, ओळखलंच नाही' म्हणायची सोयच राहत नाही, आणि सगळ्यात जास्त लागतं ते तेच वाक्य. जवळ आली की 'आलीस, बरं झालं. आत पंख्याखाली तुझी खुर्ची धरून ठेवलीय.' पुढचा विषय आजाराच्या आधीचा काढा. तिची नोकरी, तिची भिशी, ती ज्याच्यावर नेहमी वैतागायची तो शेजारी.

खुर्ची आतच ठेवा. उन्हानं ल्युपस उसळतो, त्यामुळे लॉनवरच्या मांडवात तिला दोन तास बसवू नका. हात हातात घेतलात तर दाबू नका, बोटांचे सांधे दुखत असतात. सर्दी-खोकला झालेल्यांनी लांबूनच नमस्कार करावा, कारण स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला संसर्ग पटकन लागतो. ही सगळी मायाच आहे, फक्त तिच्या गालांवरून सुरू होत नाही.

आणखी एक. स्टेरॉइडनं पोटही सुटतं. 'गोड बातमी का गं?' हा प्रश्न विचारणारी एक तरी काकू प्रत्येक घरात असते. ल्युपसमध्ये आजार किमान सहा महिने शांत राहिल्याशिवाय डॉक्टर गरोदरपणाला सहसा हो म्हणत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ती थांबलेली असू शकते, तीच तिला चारचौघांत विचारली जाणार.

जुनं खोड
अति होतंय हे. आपल्याकडे माणूस माणसाला बघतो, म्हणून बोलतो. 'खंगलास रे, काय झालं?' असं शेजाऱ्यानं टोकलं म्हणून साखर तपासली आणि मधुमेह सापडला, अशी उदाहरणं हवी तेवढी देतो. तुमच्या नियमानं चाललो तर माणूस वाळून जाईल आणि आम्ही भिशीवर गप्पा मारत बसू.

निवडुंग
मुद्दा खरा आहे, जागा चुकली. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन वीसेक हिश्शांतला एक हिस्सा उतरलं, म्हणजे 70 किलोचा माणूस साडेतीन किलोंनी कमी झाला, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. पण ते सांगायचं घरी, एकट्यात, आणि रोजच्या उठबशीतल्या माणसानं. साखरपुड्याच्या दारात 40 जणांसमोर नव्हे. शिवाय इथे निदान झालेलं आहे. तुम्ही नवीन काय शोधून काढणार?

जुनं खोड
बरं बाबा, तुमचंच खरं. उद्यापासून भेटायला जाताना वकील बरोबर नेतो.

हिरवी पात
मुळात ती सूज आहे. स्टेरॉइडनं अंगात पाणी धरतं. मीठ बंद आणि पाणी कमी केलं की आठवड्यात चेहरा उतरतो. भेटल्यावर एवढं प्रेमानं सांगितलं तर त्यात वाईट काय?

निवडुंग
मीठ कमी हे बरोबर, स्टेरॉइडनं पाणी धरतं आणि रक्तदाबही चढतो. पण गाल, मानेमागचा भाग आणि पोट भरून येतं ते मुख्यतः चरबीनं, कारण स्टेरॉइड चरबीची जागाच बदलतं. पाणी तोडून ती जाणार नाही. डोस उतरत गेला की काही महिन्यांनी चेहरा पूर्ववत होतो. आणि ल्युपसमध्ये मूत्रपिंडांनाही इजा झालेली असू शकते, तिथे पाणी किती प्यायचं हे तुम्ही दारात ठरवणार?

हिरवी पात
सल्ला दिला म्हणून एवढं अंगावर यायची गरज नव्हती. मग त्या गोळ्याच बंद करून दुसरं काही बघावं. एवढा चेहरा बिघडवणारं औषध कसलं?

निवडुंग
हेच ते वाक्य! ह्याच्यासाठीच एवढं लिहितोय. पाच जणांनी पाच मिनिटांत 'चेहरा काय झाला गं' म्हटलं की बाई घरी जाऊन आरशासमोर उभी राहते आणि गोळी टाळते. तीन-चार आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड चालू असेल तर शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं मंदावलेलं असतं. एकदम बंद केलं की गळून जाणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी थेट आयसीयू. शिवाय दबलेला ल्युपस उसळतो तो वेगळाच. डोस पायरीपायरीनं, डॉक्टरच उतरवतात.

कडीपत्ता
हे कळलं, पण माझं उलटं आहे. नवऱ्यानं वर्षभर घाम गाळून 14 किलो कमी केले आणि ऑफिसात कुणी चकार शब्द काढला नाही. बिचारा हिरमुसला. त्याचं कौतुकही करायचं नाही का?

निवडुंग
धागा कुठला, प्रश्न कुठला! त्यानं स्वतः विषय काढला की करा, भरपूर करा. कुणी मुद्दाम वजन उतरवलंय आणि कुणाचं आजारानं उतरलंय हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सुरुवात समोरच्याकडून.

सांजवात
मला व्यवहारातलं सुचतंय. आदल्या दिवशी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून द्यावं की ताई येतेय, तिच्या दिसण्यावर कुणी बोलू नका. विषय संपला.

निवडुंग
तिला विचारल्याशिवाय अजिबात नको. ज्यांना आजार माहीत नाही त्यांनाही कळेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळा हॉल तिच्याकडेच बघेल. तिला फोन करून विचारा: 'कुणाला काही सांगून ठेवू, की राहू दे?'

सांजवात
आणि ती 'राहू दे' म्हणाली आणि आत्यानं दारातच सुरुवात केली, तर? कागदावर सगळं छान असतं हो. मी तरी आत्याला सांगणारच, विचारून किंवा न विचारता.

खडीसाखर
आमच्या आत्याचं तर सांगूच नका. आणि माझ्याच तोंडून निघून गेलं तर?

निवडुंग
'चुकलं माझं, ये बस' एवढंच म्हणा आणि पुढच्या विषयावर जा. 'अगं, तसं म्हणायचं नव्हतं, छानच दिसतेस, एवढं काही वाटत नाही' असं सारवत बसलात तर तिलाच तुमची समजूत काढावी लागते. 'छानच दिसतेस' हेही दिसण्यावरचंच बोलणं झालं. तिनं आपणहून तब्येतीचं काढलं तर तिच्या शब्दांत ऐका. ती 'गोळ्यांनी फुगलेय' म्हणाली तर 'नाही गं' म्हणून खोडू नका. 'आत्ता बोलूया की निवांत फोन करू?' विचारा.

जुनं खोड
आणि दारात गजरे वाटतात त्याचं काय? ते तरी द्यायचे की तिथेही सभ्यतेचा पहारा?

निवडुंग
चांगली आठवण केलीत, खरंच. केस विरळ असले की पिन ठरत नाही आणि गजरा माळायला मागून दोन बायका हात लावतात. गजरे ताटात ठेवा, तिनं उचलला तर उचलला. मनगटाला बांधायचा की पर्समध्ये टाकायचा हे तिचं ती बघेल.

खडीसाखर
खुर्ची धरते, गजरे ताटात ठेवते. आत्याला आहेराच्या टेबलावर बसवते, तिथून दार दिसत नाही. पण 'सुटलीस' म्हणण्यात माया नसते हे मी मान्य केलेलं नाही.